दुसऱ्यांदा विचारलं तर

"तू उत्तर देत नाहीस," सिहामखाला म्हणाल्या. "जबानी देतेस."

त्यांच्या दातांत भोपळ्याची बी होती. ती फोडून साल बशीत टाकेपर्यंत त्या थांबल्या आणि मग पुढे म्हणाल्या, "मी विचारलं, तुला स्वयंपाक आवडतो का. तू म्हणालीस, हो, आवडतो. मी विचारलं, का आवडतो. तू म्हणालीस, कारण मला स्वयंपाक आवडतो. आता मी काय करू? कागदावर सही घेऊ का तुझी?"

मी हसले नाही. त्या बरोबर बोलत होत्या.

सिहामखालांनी अम्मानमधल्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या जबल हुसेन टेकडीवरच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर बसून, परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीच्या तोंडी परीक्षेची तयारी करून घेत. मी त्यांच्याकडे आले ती दोनदा नापास होऊन. नापास म्हणजे तसं नव्हे. वाचन, लेखन, ऐकणं या तिन्हींत मला नऊपैकी सातच्या वर गुण होते. बोलण्यात दोन्ही वेळा सहा. ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावातल्या रुग्णालयाने मला त्यांच्या प्रयोगशाळेत घ्यायचं मान्य केलं होतं, पण बोलण्यात सात मिळाले तरच, आणि तेही या महिनाअखेरपर्यंत. म्हणजे ही तिसरी आणि शेवटची खेप.

मी इराकमधल्या मोसूलची. जीवरसायनशास्त्र शिकले, अकरा वर्षं तिथल्या रुग्णालयात रक्त तपासलं. इथे अम्मानमध्ये मला ते काम करता येत नाही. एका दंतवैद्याकडे अवजारं निर्जंतुक करते. ट्रे आत ठेवते, झाकण लावते, घड्याळ बघते, ट्रे बाहेर काढते. डॉक्टर चांगला आहे, पण तो दाराच्या पलीकडे असतो. एकदा एका मंगळवारी मी दिवसभरात किती वाक्यं बोलले ते मोजलं होतं. चोवीस. त्यांतली नऊ भाजीवाल्याशी.

"तुझं व्याकरण माझ्यापेक्षा चांगलं आहे," सिहामखाला म्हणाल्या. "शब्द आहेत, उच्चार स्वच्छ आहेत. मग दुसरा प्रश्न आला की तुला होतं काय? पहिल्या परीक्षेत काय झालं ते नीट सांग."

मी सांगितलं. पहिल्या परीक्षेच्या आधी मी चाळीस उत्तरं पाठ केली होती, तेव्हाच्या क्लासवाल्यानेच लिहून दिलेली. विषयाचं कार्ड आलं प्रवासाचं. मी मृत समुद्राच्या सहलीचं पाठांतर म्हणून दाखवलं. परीक्षकाने विचारलं, त्या सहलीतलं काय लक्षात राहिलं? मी म्हणाले, पाणी फार खारट होतं. तो म्हणाला, आणखी काही? मी म्हणाले, पाणी फार खारट होतं.

"तू गेली होतीस का तिथं?"

"नाही."

"म्हणजे खोटं पकडलं जाईल म्हणून घाबरलीस."

"नाही," मी म्हणाले. "दुसऱ्या वेळी तर सगळं खरंच सांगितलं होतं. तरी तसंच झालं."

त्यांनी बशीतून नवी बी उचलली, पण तोंडात टाकली नाही. "मग?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंही मला वाटलं नव्हतं. आमच्याकडे ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. मोसूलमध्ये माझं घर नदीच्या डाव्या काठाला होतं, रुग्णालय उजव्या. मध्ये पूल आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना तपासणीचे नाके. नाक्यावरची माणसं बदलत गेली, गणवेश बदलत गेले, पण बोलण्याची रीत तीच राहिली. विचारलं तेवढंच सांगायचं. हात दिसतील असे ठेवायचे. उलट प्रश्न करायचा नाही. आणि तेच दुसऱ्यांदा विचारलं, तर तेच उत्तर, त्याच शब्दांत. दुसऱ्यांदा विचारतात ते पहिलं पटलेलं नसतं म्हणून.

"माझ्या भावाला, लैसला, विचारलं होतं, कुठं चाललास," मी म्हणाले. "तो म्हणाला, औषधाच्या दुकानात. पुन्हा विचारलं, कुठं चाललास. तो म्हणाला, काकांकडे. दोन्ही खरं होतं. दुकानातून औषध घेऊन काकांकडे जायचं होतं. त्याला एकोणीस दिवस ठेवून घेतलं."

"आला ना परत?"

"आला."

खालांनी पुढे काही विचारलं नाही. हातातली बी बशीत परत ठेवून त्यांनी चहा ओतला. पुदिन्याची काडी माझ्या पेल्यात टाकली आणि म्हणाल्या, "बघ पोरी, परीक्षकाला तू खरं बोलतेस की खोटं, याच्याशी काही देणंघेणं नाही. तुझं मत चूक की बरोबर, हेही तो मोजत नाही. त्याला बोलणं हवंय, कारण बोलण्यालाच गुण द्यायचेत. दुसरा प्रश्न तो संशय आला म्हणून विचारत नाही. तुझ्या उत्तराने त्याचं भांडं भरलं नाही म्हणून विचारतो."

"मला कळतं ते."

"डोक्याला कळतं. तुझ्या हातांना नाही. बघ कुठे आहेत."

माझे हात गुडघ्यांवर होते. तळवे वर, बोटं मोकळी.

त्या दिवसापासून त्यांनी बियांची पद्धत सुरू केली. प्रश्न विचारला की त्या एक बी तोंडात टाकत. ती फुटून, साल निघून, गर खाऊन होईपर्यंत मी थांबायचं नाही. उत्तर सांगायचं, मग त्याचं कारण, मग त्यातली एखादी खरी गोष्ट, अमुक दिवशी अमुक ठिकाणी घडलेली. मी आधी थांबले की त्या बी दातांत तशीच धरून माझ्याकडे बघत राहत. ते बघणं सोसत नसे. म्हाताऱ्या माणसाला किती वेळ तसं बसवून ठेवायचं?

"आणि मत बदललंस तरी चालेल," त्या म्हणत. "मधेच म्हणायचं, थांबा, मला आता वेगळं वाटतंय. मोठं इंग्रजी येणारी माणसंच असं बोलतात."

ते मात्र मला एकदाही जमलं नाही. खाला उलटं बोलून बघत. त्या म्हणत, काही लोकांना वाटतं, खेड्यातलं आयुष्य कंटाळवाणं असतं. मी लगेच म्हणे, हो, कंटाळवाणं असतं. दोन मिनिटांपूर्वी मी खेड्याचं कौतुक केलेलं असे.

"नाक्यावरच्याला खूश करतेस," खाला म्हणत. "मी नाका नाही गं. मी एक लठ्ठ बाई आहे. माझ्याशी भांड."

परीक्षा शनिवारी सकाळी होती. बाहेरच्या खुर्च्यांवर आम्ही सातजण होतो. शेजारचा तरुण ओठ हलवत काहीतरी घोकत होता. मला त्याला सांगावंसं वाटलं की कार्ड काहीही येऊ शकतं, पण त्याने विचारलं नव्हतं.

माझं नाव पुकारलं. खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, टेबलावर आवाज टिपणारं यंत्र आणि घड्याळ. परीक्षक बाई साठीच्या असाव्यात. आखूड पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी यंत्र सुरू करून तारीख आणि माझं नाव त्यात सांगितलं. मग पूर्ण नाव विचारलं आणि पासपोर्ट मागितला. पासपोर्ट. मी तो टेबलावर सरकवला आणि माझे हात आपोआप गुडघ्यांवर गेले.

पहिला भाग सोप्या प्रश्नांचा असतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे राहता?"

"एका खोलीत."

"त्या खोलीतलं तुम्हांला काय आवडतं?"

"ती शांत आहे."

"ते का आवडतं?"

"कारण ती शांत आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मान डोलावणं नाही, हसणं नाही. खालांनी हेही सांगून ठेवलं होतं: चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही, हे त्यांचं कामच आहे. पण असे चेहरे मी खूप पाहिले होते. पुढचा प्रश्न शेजाऱ्यांचा होता, त्याच्या पुढचा हवामानाचा. मी प्रत्येकाला एकेक वाक्य दिलं. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला मला दिसलं की माझे तळवे वर आहेत. मी ते उचलून टेबलाच्या कडेवर ठेवले. एवढं करायला बराच वेळ लागला, निदान मला तसं वाटलं.

मग कार्ड आलं. सोबत कागद आणि पेन्सिल. तुम्हांला आवडणाऱ्या एखाद्या शांत जागेविषयी बोला, ती कुठे आहे, तिथे तुम्ही काय करता, ती तुम्हांला का आवडते. विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन.

पाठ केलेल्या चाळीस उत्तरांत शांत जागा होती. एक बाग, कारंजं, वाचत बसलेली मी. कारंज्याची पहिली ओळ तोंडात येऊनही बसली. मी कागदावर फक्त एक शब्द लिहिला: सातला.

सकाळी सातला, रुग्णालयातली माझी प्रयोगशाळा. नमुने आठला यायचे. त्या तासात तिथे मी एकटी असे. मी दिवे लावत असे, पण सगळे नाही. शीतपेटीचं तापमान वहीत लिहीत असे. यंत्रं गरम होताना प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो, आणि डोळे मिटूनही मला कळे कुठलं तयार झालं आहे. खिडकीतून नदीचा एक बोटभर तुकडा दिसे. बोलता बोलता मी सांगितलं की आदल्या दिवशीच्या नळ्या मी रांगेत लावत असे आणि त्यांवरची नावं वाचत असे, कारण दिवसभरात पुढे नावं वाचायला वेळ मिळत नसे, नुसते आकडे. परीक्षक बाईंनी हात वर केला तेव्हा मला कळलं की दोन मिनिटं संपली.

या भागाच्या शेवटी त्या एखादा लहानसा प्रश्न विचारतात, त्याला एका ओळीचं उत्तर पुरतं.

"तुम्ही अजून तिथे जाता का?"

"नाही," मी म्हणाले.

हे उत्तर पुरेसं होतं. त्या पुढचं पान उलटू लागल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र दातांत बी धरून बसलेल्या खाला आल्या.

"ती इमारत आता नाही," मी म्हणाले. "पण सातच्या आधीच मला अजून जाग येते आणि मी तयार होऊन बसते. आता काम दहाला असतं. तीन तास काय करायचं ते मला समजत नाही."

बाईंनी वर बघितलं. क्षणभरच. मग म्हणाल्या, "आपण शांत जागांविषयी बोललो. आता याच विषयावर आणखी काही सर्वसाधारण प्रश्न विचारते."

हा तिसरा भाग. याच भागात मी दोनदा अडकले होते. इथे प्रश्न तुमच्याविषयी नसतात, जगाविषयी असतात. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो, आणि तो तुमच्या उत्तरातला कच्चा धागाच ओढतो.

पहिले दोन बरे गेले. ग्रंथालयात शांतता लागते का, मुलांना शांत बसायला शिकवावं का. मी उत्तर, कारण आणि एक खरी गोष्ट असं तीन खणांचं ताट वाढत होते. मग त्या म्हणाल्या, "मोठ्या शहरांत लोक शेजाऱ्यांशी फारसं बोलत नाहीत, असं म्हणतात. तुम्हांला काय कारण वाटतं?"

"त्यांना वेळ नसतो," मी म्हणाले. "कामाला लांब जावं लागतं. माझ्या इमारतीत एक माणूस पहाटे निघतो आणि रात्री येतो. मला त्याचे फक्त बूट माहीत आहेत. दाराबाहेर असतात."

"काही लोक म्हणतील की वेळेचा प्रश्न नाही, लोक एकमेकांना घाबरतात. तुम्हांला काय वाटतं?"

मला माहीत होतं की त्या बरोबर बोलत आहेत. त्या कागदावरचं वाचत होत्या, त्यांचं ते मत नसेलही, पण ते बरोबर होतं. त्या माणसाचे बूट मला माहीत होते, कारण मी दाराच्या फटीतून तो जाण्याची वाट बघत असे आणि मग बाहेर पडत असे. वर्षभर. मला वेळ भरपूर होता. पण मी आत्ताच म्हणाले होते, वेळ नसतो. ते यंत्रात गेलं होतं, माझ्या नावासकट, तारखेसकट. औषधाच्या दुकानात. काकांकडे.

घड्याळाचे आकडे सरकत होते. किती सरकले ते मी बघितलं नाही. बाईंनी प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. दुसऱ्यांदा.

"मी म्हणाले की वेळ नसतो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मला ते बदलायचं आहे."

काही झालं नाही. त्या थांबल्या होत्या. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली.

"मला वाटतं ती भीतीच असते," मी म्हणाले. "पण शेजारी वाईट असेल अशी नव्हे. माझं म्हणाल तर तो प्रश्न विचारेल अशी. पहिला प्रश्न सोपा असतो. कशा आहात? आमच्याकडे आम्ही म्हणतो, देवाची कृपा, आणि तिथेच दार लागतं. दुसरा प्रश्न विचारला तर मात्र खरं सांगावं लागतं. म्हणून आपण दुसरा विचारत नाही, आणि समोरचाही विचारत नाही. दोघांनाही वाटतं आपण सभ्यपणे वागलो."

"हे बदलता येईल का?"

"मोठ्या शहराचं मला माहीत नाही. एका जिन्याचं कदाचित." मी थांबून विचार केला, आणि थांबायची भीती वाटली नाही. "कुणीतरी आधी जास्त सांगावं लागेल. विचारल्यापेक्षा थोडं जास्त. म्हणजे समोरच्याला पकडायला धागा मिळतो. उत्तर तोकडं असेल तर पुढे विचारणारा चौकशी करतोय असं वाटतं. उत्तर लांब असेल तर तो ऐकतोय असं वाटतं. प्रश्न तोच असतो."

मी अजून बोलत होते. माझ्या भावाविषयी सुरू केलं होतं, की तो घरी आल्यावर आम्ही त्याला काहीच विचारलं नाही, त्याला त्रास नको म्हणून, आणि तो ते कसं समजला असेल. मला त्या बाईंना विचारायचंही होतं, तुम्ही कुठे राहता, तुमच्या जिन्यात कोण आहे. विचारायची मुभा नसते हे मला ठाऊक होतं. तरी प्रश्न तोंडापर्यंत आला होता. अम्मानमधल्या चार वर्षांत, खाला सोडल्या तर, इतका वेळ, एकामागून एक, मला कुणी विचारलं नव्हतं.

"धन्यवाद," त्या वाक्याच्या मध्येच म्हणाल्या. "तोंडी परीक्षा इथे संपली."

त्यांनी यंत्र बंद केलं. कार्ड, पेन्सिल आणि तो एका शब्दाचा कागद आपल्याकडे ओढून घेतला, पासपोर्ट परत दिला. मी दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. त्या मान खाली घालून लिहीत होत्या. एकूण चौदा मिनिटं झाली होती.

रस्त्यावर ऊन होतं. मला पुढे बोलायचं होतं. वाक्य अर्धंच राहिलं होतं आणि ते पुरं करायला कुणी नव्हतं. बसमध्ये शेजारी एक बाई मुळ्याच्या जुड्या घेऊन बसली होती. मी तिला म्हणाले, मुळे छान आहेत. ती म्हणाली, देवाची कृपा, आणि पिशवी स्वतःकडे ओढली.

सिहामखालांना फोन केला.

"कशी झाली?"

"बरी."

पलीकडून बी फुटल्याचा आवाज आला. मी जिन्यात बसून अर्धा तास त्यांच्याशी बोलले.

निकाल गुरुवारी आला. बोलण्यात सात. मी तो डॉक्टरला दाखवला. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि नवी बाई मिळेपर्यंत थांबाल ना, असं विचारलं. रुग्णालयाला कागद पाठवले. दुपारी चारला मी खोलीत परत आले, अंथरुणाच्या कडेवर बसले आणि लैसला लिहिलं. तो स्वीडनमध्ये आहे. सहा वर्षांपासून आम्ही एकमेकांना अंगठ्याची खूण पाठवतो, सणाला फूल.

सात मिळाले, मी लिहिलं. त्याने अंगठा पाठवला.

मी लिहिलं, कुठे आहेस?

घरी.

घरात कुठे?

उत्तर आलं: घरी.

तेच उत्तर, त्याच शब्दात. मी फोन मांडीवर ठेवला. जिन्यातून बुटांचा आवाज वर येत होता. आज तो माणूस लवकर आला होता. मी फोन पुन्हा उचलला आणि लिहिलं, मी अंथरुणावर बसलेय. खिडकी उघडी आहे, खाली कुणीतरी कॉफी भाजतंय, आणि मला सातच्या आधीच अजून जाग येते. तुला?

संदेश पोचल्याची खूण आली. मग वाचल्याची. मग तो लिहितोय असं दिसलं. लिहायचं थांबला. पुन्हा लिहू लागला. मी घड्याळ बघितलं नाही.

पाचला, तो म्हणाला. का गं?